पाठीला जखम झाली नाही, हे कसं लिहायचं?

विक्री विभागातल्या माणसाचं बायोडाटा लिहिताना अडत नाही. टार्गेट किती होतं आणि किती झालं, हे लिहिलं की त्याचं काम दिसतं. कारखान्यातला सुपरवायझर दिवसाचे नग सांगतो. पण छोट्या कंपनीचं ऑफिस सांभाळणारी बाई किंवा घरी जाऊन रुग्णाची देखभाल करणाऱ्या मावशी याच कागदापाशी थबकतात. वर्षानुवर्षं केलेलं काम मग एका ओळीत उरकलं जातं: ‘ऑफिसची सर्व कामे पाहिली’ किंवा ‘पेशंटची सर्व प्रकारची सेवा केली’. ते ऑफिस चार माणसांचं होतं की चारशे, पेशंट हिंडताफिरता होता की अंथरुणाला खिळलेला, यातलं काहीच वाचणाऱ्याला कळत नाही. मग तो पुढचा बायोडाटा उचलतो.

आमच्या कामात मोजण्यासारखं काही नसतं, असं या बायका सांगतात. ते मला पटत नाही. मोजण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त ते आयतं कुणी काढून दिलेलं नसतं. कामाचा व्याप केवढा होता, ते किती वेळा करावं लागत होतं आणि त्यामुळे काय घडलं किंवा काय टळलं, एवढं विचारत गेलं की बहुतेक माहिती निघते. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण या दोन्ही कामांत यश म्हणजे बऱ्याचदा काहीही विपरीत न होणं.

आधी ऑफिसचं उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात असतात तसं एक मशिनिंगचं युनिट आहे. पंचेचाळीस कामगार, मालक दिवसभर शॉप फ्लोअरवर किंवा ग्राहकाकडे, आणि ऑफिसात एकच बाई. आवक-जावक, हजेरीचा मस्टर, किरकोळ रोख, कुरिअर, पुरवठादारांची बिलं, पीएफ-ईएसआयची चलनं, झेरॉक्स मशीनवाल्याला फोन, सगळं तिच्याकडे. सहा वर्षं झाली. आता तिला मोठ्या कंपनीत अ‍ॅडमिनच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे आणि कागदावर लिहिलंय, ‘सर्व कार्यालयीन कामकाज’.

व्याप सांगणं सोपं आहे. माणसं ४५, ऑफिसात ती एकटी, वर्षं सहा. एवढ्यानेच चित्र बदलतं. वाचणाऱ्याला अंदाज येतो की हिच्या सुट्टीच्या दिवशी बहुधा आवक बंदच राहत असणार.

बिलं महिन्याला किती येत होती, हे मात्र तिला आठवत नाही. साहजिक आहे, रोजचं काम कोण मोजतं? अशा वेळी आठवणीवर विसंबू नये आणि एखादा मोठासा आकडाही ठोकून देऊ नये. आवक रजिस्टर काढावं, वेगवेगळ्या महिन्यांतले चार साधे आठवडे निवडावेत आणि मोजावं. मार्च घेऊ नये, दिवाळीचा आठवडा घेऊ नये. समजा त्या चार आठवड्यांत २८, ३५, ३१ आणि ३४ बिलं निघाली. बेरीज १२८. मग ‘महिन्याला सुमारे १२५’ असं लिहावं. आकडा खालच्या बाजूला वळवला की मुलाखतीत तो राखणं सोपं जातं, आणि ‘सुमारे’ लिहिल्याने कुणाचाही विश्वास कमी होत नाही. नोकरी सुटली असेल आणि रजिस्टर हाताशी नसेल, तर एका साध्या दिवसाचा कामाचा क्रम सकाळपासून लिहून काढावा आणि त्यावरून अंदाज बांधावा. तो अंदाज आहे, हेही कागदावर स्पष्ट असू द्यावं.

पण १२५ बिलं आली, हे काम झालं. त्याने काय साधलं? इथे जरा थांबायला हवं. या युनिटमध्ये पुरवठादार मालासोबत बिल पाठवायचा आणि तेच बिल दोन दिवसांनी ई-मेलनेही यायचं. कागदी बिल एका फायलीत, ई-मेलची प्रिंट दुसऱ्या फायलीत, आणि दोन्ही हिशोबाला जायची. तिच्या पहिल्या वर्षाच्या ऑडिटमध्ये सीएच्या माणसाने तीन बिलांचं पेमेंट दोनदा झालेलं दाखवलं. त्यानंतर तिने एक रजिस्टर सुरू केलं. बिल कुठूनही येवो, आधी आवक क्रमांकाचा आणि तारखेचा शिक्का, मग पुरवठादाराचा बिल नंबर रजिस्टरात शोधायचा. तो आधीच चढलेला असेल तर कागदावर ‘प्रत’ असं लिहून तो बाजूला. एवढंच. पुढच्या पाचही ऑडिटमध्ये दुबार पेमेंटचं एकही प्रकरण निघालं नाही.

आता नुसतं ‘दुबार पेमेंट शून्य’ लिहिलं तर त्याला वजन नाही. कित्येक ऑफिसांत ते मुळातच शून्य असेल. शून्याला अर्थ येतो तो आधीच्या तीनमुळे. म्हणून काहीतरी टळलं असं सांगताना आधी काय होत होतं, तेही त्याच ओळीत यायला हवं. आधीची स्थिती माहीत नसेल, कारण तुम्ही आलात तेव्हा सगळं सुरळीतच चाललं होतं, तर सुधारणा केली असं म्हणू नये. सुरळीत चालू ठेवलं आणि किती काळ, एवढं म्हणावं. तेही पुरतं.

त्या तारखेच्या शिक्क्याचा आणखी एक उपयोग झाला. आयकर कायद्यातल्या बदलामुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचे पैसे ठरलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षात वजा करून मिळत नाही, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षात मिळतो. मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. आता हे दिवस मोजायला माल कधी आला आणि बिल कधी आलं याची नोंद लागते. ज्या ऑफिसात शिक्का मारण्याची शिस्त आधीच होती, तिथे मार्चअखेरीची धावपळ कमी झाली. आपलं साधंसं काम कुठे जाऊन लागतं, हे या बाईला ठाऊक असेल तर मुलाखतीत तिचं बोलणंच वेगळं होतं.

पीएफ आणि ईएसआयचं चलन दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचं असतं. पीएफला उशीर झाला की वर्षाला १२ टक्के दराने व्याज लागतं, शिवाय दंड वेगळा. सहा वर्षांची म्हणजे ७२ महिन्यांची चलनं फायलीत तारखेसह असतात. ती पाहिली तर दोन महिने उशीर झालेला दिसतो, कारण त्या वेळी खात्यात पैसेच नव्हते. मग ‘सर्व चलने वेळेत’ लिहायचं की ७२ पैकी ७०? मी ७० लिहीन. सगळं वेळेत झालं असं प्रत्येकजण लिहितो. सत्तर लिहिणारी बाई फाईल उघडून बसली होती हे वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि ते दोन महिने कोणते, असं त्याने विचारलं तर तिच्याकडे सरळ उत्तर असतं.

‘सर्व कार्यालयीन कामकाज’ या ओळीच्या जागी आता असं येईल:

‘४५ कामगारांच्या मशिनिंग युनिटचे ऑफिस ६ वर्षे एकटीने सांभाळले. महिन्याला सुमारे १२५ पुरवठादार-बिलांची आवक, तपासणी व नोंद. बिल-रजिस्टर सुरू केले. त्याआधीच्या ऑडिटमध्ये दुबार पेमेंटची ३ प्रकरणे, नंतरच्या ५ ऑडिटमध्ये एकही नाही. पीएफ-ईएसआयची ७२ पैकी ७० महिन्यांची चलने मुदतीत.’

कंपनीच्या बिलांच्या रकमा, ग्राहकांची नावं, कुणाचा पगार यातलं काही यात नाही, आणि नसावंच. ती माहिती मालकाची. नव्या ठिकाणी जुन्या कंपनीच्या रकमा सांगत सुटणारा उमेदवार उद्या आपल्याही सांगेल, हे समोरच्याच्या मनात येतंच.

एक आकडा मात्र या कागदावर कधीही येऊ नये: ‘ऑफिसची कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली’. बायोडाटा लिहून देणाऱ्यांच्या नमुन्यांतून असली वाक्यं उचलली जातात. चाळीस टक्के कशाचे, कुणी मोजले, कधीपासून कधीपर्यंत, असं मुलाखतीत विचारलं की पंचाईत होते आणि मग खरे आकडेही खोटे वाटायला लागतात. वारंवारितेचंही तसंच. ‘रोज पुरवठादारांचे ५० फोन घेतले’ हे कष्ट झाले खरे, पण अनुभवी माणूस विचारील की इतके फोन येत का होते? पैसे थकले म्हणून येत असतील तर तो आकडा ऑफिसच्या विरुद्धच बोलतो.

आता देखभालीच्या कामाकडे वळू. इथे गोष्ट जास्त नाजूक आहे, कारण निकाल माणसाच्या शरीरावर दिसतो आणि तो एकट्या मावशींच्या हाती नसतो.

ब्यूरोतर्फे घरोघर जाणाऱ्या एका मावशींचं काम डोळ्यांसमोर आणू. ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ. पेशंट चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, नाकातून नळी, लघवीची पिशवी, हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हाच माकडहाडावर रुपयाएवढी जखम. मावशी तिथे चौदा महिने होत्या. पुढचं काम मागायला गेल्या की ब्यूरोची मॅडम विचारते, ‘काय काय येतं?’ आणि मावशी म्हणतात, ‘सगळं येतं.’

व्याप इथे माणसांच्या संख्येत नसतो. पेशंट एकच असतो. तो रुग्ण स्वतःचं किती करू शकत होता, यावर कामाचा भार ठरतो. यासाठी वैद्यकीय क्षेत्रात जुनी, साधी मापं आहेत आणि ती कुणालाही समजण्यासारखी आहेत. अमेरिकी डॉक्टर सिडनी कट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३मध्ये मांडलेल्या मापात सहाच गोष्टी पाहतात: आंघोळ, कपडे घालणं, शौचालयाचा वापर, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. यातलं किती माणूस दुसऱ्याच्या मदतीशिवाय करतो, ते मोजायचं. आपले आजोबा आले तेव्हा सहापैकी शून्य. ‘पूर्णपणे अंथरुणावर, सहाही गोष्टींना मदत लागणारा पेशंट’ एवढं सांगितलं की ब्यूरोच्या मॅडमला आणि पुढच्या कुटुंबालाही या मावशींचा आवाका कळतो.

वारंवारिता मावशींना तोंडपाठ असते, फक्त ती कधी कुणी विचारलेली नसते. नळीतून अन्न ड्यूटीत चार वेळा, प्रत्येक वेळी डोक्याकडची बाजू उंच करून आणि नंतरही अर्धा तास तशीच ठेवून, म्हणजे अन्न श्वासनलिकेकडे परत येऊ नये. औषधं वेळेवर. लघवीची पिशवी रिकामी करून मापाची नोंद. आणि कूस बदलणं, साधारण दर दोन तासांनी, म्हणजे ड्यूटीत सहाएक वेळा. चौदा महिन्यांचे दिवस काढून, सहाने गुणून, ‘दोन हजारांहून अधिक वेळा कूस बदलली’ असा आकडा तयार करता येईल. तो करू नये. तो ऐकून हसू येतं, आणि तो खोटाही आहे, कारण आजोबा पुढे बसायला लागल्यावर तितक्या वेळा कूस बदलावी लागलीच नाही. ‘दिवसाला सहा वेळा, पहिले काही महिने’ हे जास्त बोलकं आहे.

या एका कामाचा निकाल जवळून पाहण्यासारखा आहे. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा अडतो आणि जखम होते. माकडहाड, खुबा आणि टाच या नेहमीच्या जागा. जखम उघडी पडण्याआधी तिथे लालसर डाग दिसतो. बोटाने दाबल्यावर तो पांढुरका होऊन परत लाल झाला तर ठीक, दाबूनही तसाच लाल राहिला तर ती सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा हात लावून पाहायचं, ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते का. हवेची गादी असली तरी हे पाहणं सुटत नाही. चांगल्या मावशी स्पंजिंग करताना रोज हे पाहतात आणि त्याबद्दल कुणाशी काही बोलतही नाहीत. घरच्यांना वाटतं, स्पंजिंग झालं.

आजोबांची आधीची जखम दोनेक महिन्यांत भरली आणि चौदा महिन्यांत नवी जखम एकही झाली नाही. हा निकाल मावशींचा का? जखमेचं ड्रेसिंग नर्स करत होती, आहार डॉक्टरांनी ठरवला होता, रात्रीची ड्यूटी दुसऱ्या बाईंकडे होती. म्हणून ‘मी जखम बरी केली’ असं म्हणता येणार नाही. ‘आधीची जखम नर्सच्या ड्रेसिंगसह भरून आली, माझ्या १४ महिन्यांच्या दिवसपाळीत नवी जखम झाली नाही’, असं म्हणता येतं. यात दुसऱ्यांचा वाटा दुसऱ्यांकडे राहतो आणि मावशींचा मावशींकडे येतो.

तीन महिन्यांनी तज्ज्ञांनी गिळण्याची तपासणी केली, नळी निघाली आणि आजोबा डाव्या हाताने स्वतः जेवू लागले. कट्झच्या मापात शून्याचा एक झाला. अंथरुणातून खुर्चीत बसवायला आधी दोन माणसांना जोर लावावा लागे, नंतर मावशींनी हाताचा थोडा आधार दिला की ते बसू लागले. घरच्यांसाठी हा फार मोठा बदल होता, पण कट्झच्या मापात तो दिसतच नाही, कारण तिथे मदत लागते की नाही एवढंच पाहतात. १९६५ सालचं बार्थेल नावाचं दुसरं माप आहे. त्यात दहा गोष्टी आणि शंभर गुण असतात, आणि उठून खुर्चीत बसण्याला जास्त मदत लागली तर ५, थोडी लागली तर १०, अजिबात लागली नाही तर १५ असे गुण मिळतात. तिथे आजोबा पाचावरून दहावर आले. मावशींनी या मापांची नावं पाठ करावीत असं मी म्हणत नाही. ‘आधी दोन माणसं लागायची, नंतर एका हाताचा आधार पुरला’ हे वाक्य कोणत्याही फिजिओथेरपिस्टला लगेच कळतं.

आणि पेशंट दगावला तर? वयस्कर माणसांच्या देखभालीत हे नेहमीचंच आहे. मावशींना वाटतं, शेवट असा झाला म्हणजे सांगण्यासारखं काही उरलं नाही. हे चुकीचं आहे. आजार वाढत जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत सुधारणा हा निकाल नसतोच. जखम झाली नाही, तोंड स्वच्छ राहिलं, दुखणं वाढलं की ते वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचलं, शेवटपर्यंत घरीच राहायची इच्छा पाळता आली, हा निकाल असतो. उलट ‘माझा कुठलाच पेशंट गेला नाही’ असं कुणी सांगत असेल तर मला तिच्या अनुभवाबद्दलच शंका येईल.

हे सगळं सिद्ध कसं करायचं? बहुतेक घरांत एक वही असते. वेळ, बीपी, किती पाणी, किती लघवी, शौच झालं का, कूस कधी बदलली. ती वही घराची, मावशींची नव्हे. तिचे फोटो काढून पुढच्या घरी दाखवणं बरोबर नाही, त्यात पेशंटच्या शरीराची खाजगी माहिती असते. जखमेचे फोटो तर मुळीच नाहीत. मावशींनी स्वतःसाठी वेगळी छोटी वही ठेवावी. पेशंटचं नाव नाही, पत्ता नाही. फक्त वय, आजार, आले तेव्हाची स्थिती, रोजचं काम आणि निघतानाची स्थिती. कामाच्या पहिल्या आठवड्यातच पहिलं पान लिहावं, कारण चौदा महिन्यांनी ‘आले तेव्हा कसे होते’ हे कुणालाच नीट आठवत नाही. ऑफिसातल्या बाईंनीही नवी जागा धरली की हेच करावं: रुजू झाल्यावर काय तुंबलेलं होतं, काय हरवत होतं, याची दोन ओळींची नोंद.

घरच्याच माणसाची सेवा करण्यासाठी नोकरी सोडलेल्यांनाही हे लागू पडतं, पण जरा बेताने. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीन वेळा, दोन वर्षं, त्यांचं पथ्य आणि विम्याचे दावे, एवढं एका ओळीत सांगावं आणि पुढे जावं. तिथे नोकरीची भाषा ताणून ‘गृह-आरोग्य व्यवस्थापक’ वगैरे पदवी लावली की वाचणारा मनातल्या मनात हसतो.

या सगळ्यात एक अडचण उरते. ऑफिसातल्या बाईंकडे चलनांची फाईल आणि सीएचे शेरे असतात. मावशींच्या कामाची नोंद घरच्यांनी लिहून दिली तरच उरते, आणि घरचे लोक निघताना फार तर साडी देतात, नाहीतर चार ओळींची चिठ्ठी: ‘प्रामाणिक, कष्टाळू व मनमिळाऊ आहेत.’ तिचा पुढच्या घरी फारसा उपयोग होत नाही. तुमच्याकडे कुणी मावशी काम करून निघत असतील, तर त्यांना विचारून अशी चिठ्ठी द्या: ‘यांनी अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत दिवसपाळीत अर्धांगवायू झालेल्या, पूर्ण अंथरुणावरच्या पेशंटची देखभाल केली. नळीतून अन्न देणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, बीपीची व लघवीची नोंद ठेवणे ही कामे रोज केली. या काळात नवीन जखम झाली नाही. निघतेवेळी पेशंट थोड्या आधाराने खुर्चीत बसत होते.’ खाली सही, तारीख आणि चालणार असेल तर फोन नंबर. लिहायला दहा मिनिटं लागतात. पुढच्या घरी पगार ठरवताना मावशींच्या हातात दाखवायला दुसरं काहीही नसतं.